चादरी भिवंडीला पाठवायच्या की घरीच ठेवायच्या?

*मी आणि माझे मिस्टर तीन वर्षांपासून एका मोठ्या मार्केटप्लेसवर सोलापुरी चादरी विकतो. 22 डिझाईन आहेत, महिन्याला साधारण 200 पार्सलं जातात. माल घरात, पॅकिंग घरात, कुरिअर आम्हीच ठरवलेला. मदतीला एक बाई येतात, त्यांना महिना 6,000 देतो. आता मार्केटप्लेसचा माणूस सारखा फोन करतोय की सगळ्या डिझाईनचे मिळून 600 नग भिवंडीच्या फुलफिलमेंट सेंटरला पाठवा, दिवाळीत विक्री दुप्पट होईल. मिस्टर म्हणतात पाठवू या. मला मात्र अडीच लाखांचा माल डोळ्याआड ठेवायची भीती वाटते. खर्चाची चिठ्ठी आणि त्यांचं दरपत्रक सोबत जोडलं आहे. काय करावं?*

*एक वाचक, सोलापूर*

ताई,

600 नग पाठवू नका. तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या चार डिझाईनचे प्रत्येकी 40, असे 160 नग पाठवा. बाकीची 18 डिझाईन घरीच राहू द्या. हे मी तुमच्या चिठ्ठीतल्या आकड्यांवरूनच सांगतोय. तो हिशेब तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून एकदा करून बघा.

आधी तुमची आजची पद्धत घेऊ. गेल्या महिन्यात 200 पार्सलं गेली. कुरिअरचा सरासरी दर 105 रुपये, म्हणजे 21,000. पिशवी, टेप, लेबल मिळून नगामागे 9 रुपये, म्हणजे 1,800. बाईंचा पगार 6,000. परत आली 24 पार्सलं. त्यातली 17 दारातच नाकारलेली आणि 7 गिऱ्हाईकांनी उघडून परत केलेली. त्यांचं परतीचं भाडं 95 रुपयांनी 2,280. एकूण 31,080 रुपये. आता याला 200 नं भागू नका. पैसे 176 नगांचेच आले आहेत, म्हणून 176 नं भागायचं. घरून पाठवलेली एक चादर गिऱ्हाईकाच्या घरात राहीपर्यंत तुम्हाला साधारण 177 रुपये पडते. परत आलेल्या पार्सलांचा बोजा विकल्या गेलेल्या नगांवरच पडतो, आणि बहुतेक विक्रेते नेमकं तेच विसरतात.

आता भिवंडी. दरपत्रकाप्रमाणे माल उचलून पॅक करणं आणि वजनाप्रमाणे पोहोचवणं मिळून सरासरी 92 रुपये, 200 नगांचे 18,400. तुमच्या बाजूनं पिशवी, बारकोडचं लेबल, खोक्यातला वाटा आणि सोलापूर ते भिवंडी ट्रान्सपोर्ट धरून मी नगामागे 16 रुपये लावले, ते 3,200. गोदामभाडं महिन्याला घनफुटामागे 45 रुपये आहे. तुमची पॅक केलेली चादर 33 बाय 28 बाय 9 सेंटिमीटरची, म्हणजे एका घनफुटात जेमतेम साडेतीन चादरी मावतात आणि एका चादरीचं महिन्याचं भाडं 13 रुपये होतं. एक महिना माल राहिला असं धरून 2,600. उघडून परत आलेल्या सातांपैकी पाच तरी तिथे विक्रीस अयोग्य ठरतील असं धरा, कारण पिशवी फाटली की चादर पुन्हा घडी घालून नव्या पिशवीत भरायला तिथे तुमच्या बाई नाहीत. ते नग परत मागवण्याचा खर्च आणि कमी भावात विकण्याचं नुकसान मिळून 800. एकूण 25,000. भागिले 176, म्हणजे 142 रुपये.

कमिशन मी दोन्हीकडे सोडलंय, कारण ते कुठूनही माल गेला तरी तेवढंच असतं. प्रत्येक विक्रीवर मार्केटप्लेस घेतं ती क्लोजिंग फी मात्र पद्धतीप्रमाणे बदलते. ती तुमच्या विक्रेता पॅनेलवर दोन्ही प्रकारांत एकदा बघून घ्या.

177 आणि 142. नगामागे 35 रुपयांचा फायदा दिसतो, आणि तो माणूस फोनवर हाच फायदा सांगत असणार. पण घरच्या हिशेबातून बाईंचे 6,000 काढून बघा. उरतात 25,080. भागिले 176, म्हणजे 142 रुपये आणि काही पैसे. दोन्ही आकडे जुळले! ताई, तुमच्या बाबतीत सेंटरची सगळी बचत म्हणजे बाईंचा पगार आहे. बाई येतच राहणार असतील आणि त्यांना दुसरं काम नसेल, तर माल भिवंडीला पाठवून खर्चात एक रुपयाही वाचत नाही. त्यांच्याकडून चादरींचे काठ तपासणं, फोटो काढणं, नव्या डिझाईनची नोंद करणं अशी कामं होणार असतील तर गोष्ट वेगळी. हे घरातच ठरवता येईल, दरपत्रकात याचं उत्तर नाही.

मग चार डिझाईन तरी का पाठवायची? कारण खर्च सारखाच राहून दोन गोष्टी मिळतात. लवकर पोहोचण्याचा शिक्का लिस्टिंगवर येतो. ॲमेझॉनवर या पद्धतीला एफबीए म्हणतात आणि त्यातल्या मालावर प्राइमची खूण दिसते. माझ्या अनुभवात दारात नाकारल्या जाणाऱ्या पार्सलांवर याचा परिणाम होतो. रोख देऊन घेणारं गिऱ्हाईक सहा दिवस थांबलं की त्याचं मन बदलतं, किंवा ते बाजारातून दुसरी चादर घेऊन येतं. दोन दिवसांत दार वाजलं तर पैसे काढून ठेवलेले असतात. तुमच्या 24 परतीतल्या 17 या नाकारलेल्या आहेत. त्यातल्या सहा-सात जरी कमी झाल्या तरी तो फायदा खरा.

दुसरी गोष्ट दिवाळी. गेल्या वर्षी त्या महिन्यात तुमच्या 380 ऑर्डरी होत्या. घरातलं कुणी चार दिवस तापानं पडलं की पार्सलं मागे राहतात. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी उशिरा पाठवलेल्या ऑर्डरी 4 टक्क्यांच्या खाली आणि विक्रेत्यानं स्वतः रद्द केलेल्या 2.5 टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. ते प्रमाण बिघडलं तर ऐन सणात खातं थांबू शकतं. जास्त खपणारा माल सेंटरमध्ये असला की हा धोका निम्म्यानं उतरतो.

आता 600 का नको. तुमच्या यादीत चार डिझाईन महिन्याला 120 नग खपतात, म्हणजे प्रत्येकी 30, रोज एक. उरलेल्या 18 डिझाईनचे मिळून 80 नग जातात, म्हणजे प्रत्येकी चार किंवा पाच. तो माणूस म्हणतो त्याप्रमाणे 600 नग सगळ्यांत वाटले तर प्रत्येक डिझाईनचे 27 होतात. पुढे काय घडेल ते बघा. खपणाऱ्या चारांचे 27 नग महिना संपायच्या आत उडतील, आणि ज्यांच्यावर खूण हवी होती तीच डिझाईन सेंटरमध्ये शून्यावर येतील. हळू खपणाऱ्या डिझाईनचे 27 नग संपायला सहा महिने लागतील. शेवटच्या चादरीवर तोवर जवळजवळ 80 रुपये भाडं चढलेलं असेल, आणि जुन्या मालाला बहुतेक ठिकाणी जादा भाडं लागतं ते वेगळं. सेंटरमधला माल संक्रांतीच्या प्रदर्शनात मांडता येत नाही, गल्लीतल्या दुकानदाराला देता येत नाही, दुसऱ्या साइटवरच्या ऑर्डरीला लावता येत नाही. घरात सहा महिने पडलेली चादर भाडं मागत नाही आणि कधीही, कुणालाही विकता येते. तुमची भीती रास्त आहे ती इथे.

म्हणून प्रत्येकी 40. रोज एक खपतं, तर 40 दिवसांचा माल झाला. सेंटरमध्ये 15 नग उरले की पुढची खेप रवाना करायची, कारण ट्रान्सपोर्ट, माल उतरवायची वेळ मिळणं आणि तिथे मोजून खात्यावर चढणं यात दहा-बारा दिवस सहज जातात. सणाच्या तोंडावर त्याहून जास्त. दिवाळीसाठी आकडा दुप्पट करा, पण एक साधा महिना ही पद्धत चालवून बघितल्यावरच. आणि दिवाळीचा माल निदान महिनाभर आधी आत गेलेला असू द्या. सेलच्या आदल्या आठवड्यात उतरवायची वेळच मिळत नाही.

याच चार डिझाईनचे थोडे नग घरीही ठेवा आणि त्याच लिस्टिंगवर दुसरा एसकेयू, म्हणजे मालाचा वेगळा ओळख-क्रमांक, काढून घरून पाठवायचा पर्याय चालू ठेवा. सेंटरमधला साठा संपला तर विक्री थांबत नाही, घरच्या साठ्यावर सरकते. हे फोनवरचा माणूस सांगणार नाही, पण नव्या विक्रेत्यांना मी पहिल्यांदा हेच करायला लावतो.

तुमच्या गिऱ्हाईकांची गावं बघताना एक गोष्ट लक्षात आली. 200 पैकी 90 पार्सलं महाराष्ट्रात, 65 कर्नाटक आणि तेलंगणात, उरलेली इतरत्र. भिवंडीतल्या मालाचा दर मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या गिऱ्हाईकांसाठी कमी बसतो. पण हैदराबादच्या गिऱ्हाईकाची चादर आधी सोलापूरहून 400 किलोमीटर पश्चिमेला जाणार, आणि रस्त्यानं गेली तर त्याच पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गानं तुमच्या गावावरून परत पूर्वेला जाणार. ती वेळ आणि ते अंतर कुणीतरी मोजतंच. म्हणून पाठवायची चार डिझाईन ठरवताना एकूण खपाबरोबर पुण्या-मुंबईकडचा खपही बघा. एखादं डिझाईन मुख्यतः हैदराबादला जात असेल तर ते घरून पाठवणंच बरं.

मग हैदराबादच्या सेंटरला माल ठेवू का, असा प्रश्न मिस्टर विचारतील. आत्ता नको. महाराष्ट्रातल्या सेंटरसाठी तुमच्याच जीएसटी नोंदणीत ते ठिकाण व्यवसायाची जादा जागा म्हणून जोडावं लागतं. पोर्टलवर REG-14 हा दुरुस्तीचा अर्ज भरायचा, जागेची कागदपत्रं मार्केटप्लेस देतं, आणि मंजुरीला कामकाजाचे 15 दिवस धरून चाला. तेलंगणात माल ठेवायचा तर तिथली वेगळी जीएसटी नोंदणी लागते. त्या नोंदणीची वेगळी विवरणपत्रं, सीएची वेगळी फी, आणि सोलापूरहून तिथे नुसता माल हलवला तरी तो करपात्र पुरवठा धरला जातो. महिन्याच्या तीस-चाळीस चादरींसाठी एवढा खटाटोप परवडणार नाही. भिवंडीचीही जागा नोंदणीत चढल्याशिवाय एक खोकंसुद्धा रवाना करू नका.

माल हलवताना डिलिव्हरी चलान करा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. तुमची चादर 430 ची, म्हणजे 160 नगांचे 68,800 झाले. 600 नगांचे 2,58,000 होतात, तिथे ई-वे बिल आलंच.

चलानावर डिझाईनवार संख्या लिहा आणि प्रत्येक खोक्याचा बंद करण्याआधी आणि वजनकाट्यावर ठेवल्यावर असे दोन फोटो काढा. हे मी अनुभवानं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका गोदामात 300 बेडशीट पाठवली होती, खात्यावर 291 चढली. नऊ नग कुठे गेले ते शेवटपर्यंत कळलं नाही. चलानावर मी नुसतं ‘12 खोकी’ लिहिलं होतं. खोकी बाराच पोहोचली होती, त्यामुळे माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. शिवाय मी दोन महिन्यांनी जागा झालो, तोवर दाव्याची मुदत उलटून गेली होती. तुमच्या एका चादरीमागे सगळं वजा जाऊन साधारण 154 रुपये हातात राहतात. 899 तून जीएसटी गेला की 856. त्यातून 430 माल, तुमच्या चिठ्ठीप्रमाणे 130 कमिशन आणि क्लोजिंग फी, आणि 142 पोहोचवणं. म्हणजे एक चादर हरवली की जवळपास तीन चादरींचा नफा गेला. त्यात हरवलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, हीसुद्धा परत करावी लागते. दर सोमवारी पाठवलेले, चढलेले, विकलेले आणि परत आलेले नग वहीत लिहून जुळवा. चार डिझाईनचं हे काम वीस मिनिटांचं आहे. 22 डिझाईनचं असतं तर तुम्ही दुसऱ्या आठवड्यात सोडून दिलं असतं.

हाताबाहेर जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रंग. एखाद्या खेपेत मरून रंग पहिल्या धुण्यात सुटला, तर घरी काय होतं? पहिली तक्रार आली की तुम्ही गठ्ठा बाजूला ठेवता, उरलेल्या चादरी भिजवून बघता. सेंटरमध्ये तुम्ही बघेपर्यंत आणखी दहा पार्सलं गेलेली असतात, आणि लिस्टिंग बंद करून माल परत मागवायला कित्येक आठवडे लागतात. खराब रेटिंग मात्र लगेच लागतं. म्हणून प्रत्येक रंगलॉटमधली एक चादर घरी धुऊन, सुकवून बघितल्याशिवाय तो लॉट भिवंडीला जाऊ देऊ नका. नवं डिझाईन तर पहिले दोन महिने घरूनच विका. त्याचा खप आणि परतीचं कारण दोन्ही तुम्हाला कळलेलं असलं पाहिजे.

आता एक काम असं सांगतो की जे दोन्हीकडे पैसे वाचवेल. तुमच्या चादरीचं वजन 1.4 किलो आहे, पण कुरिअर आणि सेंटर दोघेही आकारमानाचं वजन काढतात आणि जे जास्त भरेल त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 नं भागायचं. 33 गुणिले 28 गुणिले 9 म्हणजे 8,316, भागिले 5,000 म्हणजे 1.66 किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्यात तुम्ही 2 किलोचे पैसे भरताय. हीच चादर घट्ट घडी घालून, हवा दाबून काढून 6 सेंटिमीटर उंचीत बसवली तर आकारमानाचं वजन 1.11 भरतं. मग खरं वजन 1.4 लागू होतं आणि तुम्ही दीड किलोच्या टप्प्यात येता. गोदामभाडंही 13 वरून 9 वर येतं. घडीच्या खुणा पडतील अशी काळजी वाटत असेल तर एक चादर आठवडाभर दाबून ठेवून उघडून बघा. जाड जेकार्डच्या चादरीवर त्या फारशा राहत नाहीत.

हळू खपणाऱ्या 18 डिझाईनसाठी घर आणि सेंटर यांच्या मधला मार्गही तपासा. माल तुमच्याकडे, पॅकिंग तुमचं, पण पार्सल उचलायला मार्केटप्लेसचा माणूस दारात येतो. ॲमेझॉनवर याला ईझी शिप म्हणतात. तुमच्या 105 रुपयांच्या कुरिअरशी त्याचा दर आणि नाकारलेल्या पार्सलाचं परतीचं भाडं ताडून बघा. सोलापुरात रोज उचल होते का, रविवारी होते का, हे तुमच्या पिनकोडवर आधी खात्री करून घ्या.

सहा आठवड्यांनी त्या चार डिझाईनचा खप आधीच्या सहा आठवड्यांशी लावून बघा, आणि नाकारलेली पार्सलंही मोजा. महिन्याला 120 चे 150 झाले तर तीस जादा चादरींचे साधारण 4,600 रुपये तुमच्या हातात आले, मग दिवाळीला दुप्पट माल खुशाल पाठवा. खप होता तिथेच राहिला तर सेंटर फक्त सणाच्या दोन महिन्यांसाठी वापरा. ज्या डिझाईनचा नग तिथे 60 दिवसांहून जास्त पडून राहील त्याचा भाव थोडा उतरवा. 90 दिवसांनीही राहिला तर परत मागवा. परत मागवायला नगामागे पंचवीसेक रुपये लागतील ते लागू द्या.

मिस्टरांना सांगा, त्या माणसाचा फोन आला की एवढंच विचारायचं: 160 नगांची खेप चालेल का, आणि भिवंडीच्या जागेची जीएसटीची कागदपत्रं कधी पाठवता?